सहाराची वाळू आणि बोथनियाचं पाणी: मुंबई ते न्यूयॉर्कच्या मधली जागा

[दृश्य: अल्जीरियातली वाळूची टेकाडं. क्षितिजापर्यंत काही नाही.]

मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम. या दोन शहरांच्या बरोबर मधली जागा कोणती? शाळेतल्या सवयीने आपण अक्षांशांची बेरीज करून दोनाने भागतो, रेखांशांचंही तसंच करतो. पश्चिम रेखांश वजा धरायचा, एवढं भान ठेवलं की उत्तर येतं २९.९ उत्तर, ०.५ पश्चिम. म्हणजे ही जागा. तिमिमून नावाच्या वाळवंटी गावापासून फार लांब नाही.

हे मुंबई–न्यूयॉर्कचं मध्य नाही. कसं कळतं? इथून दोन्ही शहरांची अंतरं मोजा. मुंबई सुमारे ७,४०० किलोमीटर, न्यूयॉर्क सुमारे ६,५७५. मध्य म्हणावं तर दोन्ही बाजू सारख्या तरी हव्यात. शिवाय दोन्हींची बेरीज होते जवळपास १४,००० किलोमीटर, आणि सरळ अंतर आहे साधारण १२,५३० किलोमीटर. ही जागा वाटेच्या मध्यावर तर नाहीच, वाटेवरही नाही.

[दृश्य: टेबलावर पृथ्वीगोल. दोन हात मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणतात.]

घरात पृथ्वीगोल असेल तर करून बघा. दोरा मुंबईवर धरा, न्यूयॉर्कपर्यंत न्या आणि ताणा. ढिला असताना तो सहारावरून जाईल, पण ताणला की आपोआप उत्तरेकडे सरकतो. क्वेट्याच्या आसपासहून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशिया, फिनलंड, मग स्वीडन, नॉर्वे आणि आइसलंड. शेवटी ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जेमतेम चुकवून तो कॅनडात उतरतो. ताणलेला दोरा म्हणजे गोलावरची सर्वांत जवळची वाट. पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तो तुकडा असतो, आणि त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात.

प्रत्यक्षात विमानं याच रेषेने जातात असं नाही. वारा बघावा लागतो आणि कोणाचं आकाश कोणाला खुलं आहे तेही बघावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून जायला बंदी केली, तेव्हा या वाटेचा पहिलाच टप्पा त्यांच्यासाठी बंद झाला. आपण इथे फक्त भूमितीचं बोलतोय.

[दृश्य: पारदर्शक पृथ्वीगोल. केंद्रातून दोन बाण निघतात, एक मुंबईकडे, एक न्यूयॉर्ककडे.]

आता दोऱ्याचं काम आकड्यांनी करू. युक्ती अशी की अक्षांश-रेखांश थोडा वेळ बाजूला ठेवायचे आणि पृथ्वीच्या केंद्रात जाऊन बसायचं. तिथून मुंबईकडे एक बाण काढा, न्यूयॉर्ककडे दुसरा. दोन्हींची लांबी १, म्हणजे पृथ्वीची एक त्रिज्या.

प्रत्येक बाण तीन भागांत मोडता येतो. ‘वर’ म्हणजे उत्तर ध्रुवाकडे. ‘पुढे’ म्हणजे विषुववृत्तावर मुंबईचा रेखांश जिथे येतो तिकडे. आणि ‘बाजूला’ म्हणजे तिथून काटकोनात, पश्चिमेकडे. मुंबईचा बाण पुढे ०.९४५ जातो, वर ०.३२७, बाजूला काहीच नाही. न्यूयॉर्क मुंबईपासून रेखांशाने १४६.६५ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ मागच्या अंगाला. म्हणून त्याचा ‘पुढे’चा आकडा उणे येतो, उणे ०.६३४. बाजूला ०.४१७, वर ०.६५१.

मध्यबिंदूसाठी एवढंच करायचं की दोन्ही बाणांची बेरीज करायची. दोन्ही सारख्या लांबीचे असल्याने बेरजेचा बाण त्यांच्या बरोबर मधून जातो, आणि तो पृष्ठभाग जिथे भेदतो तोच मध्य.

[दृश्य: आकडे एकाखाली एक येतात, बेरीज होते.]

पुढे: ०.९४५ मधून ०.६३४ गेले, उरले ०.३११. बाजूला: ०.४१७. वर: ०.३२७ आणि ०.६५१ मिळून ०.९७८.

या तीन आकड्यांपाशी जरा थांबू. दोरा उत्तरेला का सरकला, ते इथेच दिसतं. पुढे-मागेच्या दिशेत दोन शहरं एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. वरच्या दिशेत मात्र दोघंही उत्तर गोलार्धातली असल्याने एकमेकांत भर घालतात. नुसती सरासरी काढताना हे खोडणं कुठेच होत नाही.

आता परत अक्षांश-रेखांशांकडे. पुढे आणि बाजूला मिळून आडवी लांबी ०.५२० होते, पायथागोरसने. ०.९७८ भागिले ०.५२०, म्हणजे १.८८. ज्या कोनाचा टॅन्जंट १.८८, तो कोन ६२ अंश. हा अक्षांश. रेखांशासाठी ०.४१७ भागिले ०.३११, कोन ५३.३ अंश. मुंबईच्या ७२.९ मधून तेवढे पश्चिमेला गेलो की १९.६ पूर्व.

[दृश्य: राखाडी समुद्र, कडेला बर्फाचे तुकडे.]

६२ उत्तर, १९.६ पूर्व. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधलं बोथनियाचं आखात, कडक हिवाळ्यात गोठणारं पाणी. इथून मुंबई ६,२६६ किलोमीटर आणि न्यूयॉर्कही ६,२६६. आणि सहारातल्या त्या टेकाडापासून ही जागा साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे.

[दृश्य: मुंबईवर उभा केलेला छोटा पुतळा, पायाशी दिशाचक्र.]

दुसरा प्रश्न दिशेचा. मुंबईहून निघताना नाक कुठे ठेवायचं? याला दिगंश किंवा बेअरिंग म्हणतात. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.

त्यासाठी नवं काही लागत नाही, न्यूयॉर्कचा तोच बाण वापरायचा. फक्त आता केंद्रात न बसता मुंबईत उभं राहायचं आणि विचारायचं, हा बाण माझ्या उत्तरेकडे किती जातो आणि माझ्या पश्चिमेकडे किती? पश्चिमेचं उत्तर तयारच आहे, ०.४१७. उत्तरेचं जरा गमतीचं. मुंबईत उभं राहून उत्तरेकडे बोट दाखवलं तर ते बोट बरंचसं ‘वर’ जातं आणि थोडंसं ‘मागे’ झुकतं. न्यूयॉर्क वरही आहे आणि मागेही, म्हणून दोन्हींचा फायदा मिळतो. ०.६५१ गुणिले ०.९४५, अधिक ०.६३४ गुणिले ०.३२७. मिळतात ०.८२३.

उत्तरेला ०.८२३ आणि पश्चिमेला ०.४१७, म्हणजे उत्तरेपासून पश्चिमेकडे २६.९ अंश. दिशाचक्रावर ३३३.१. अमेरिका पश्चिमेला म्हणून आपण हात पश्चिमेला करतो, पण जवळची वाट उत्तरेच्या जास्त जवळ आहे.

[दृश्य: पडद्यावर कोड.]

```python
from math import *
a, b = radians(19.09), radians(40.64)
d = radians(-73.78 - 72.87)
p = cos(b) * cos(d)   # pudhe
q = cos(b) * sin(d)   # bajula, pashchim = vaja
lat = degrees(atan2(sin(a)+sin(b), hypot(cos(a)+p, q)))
lon = 72.87 + degrees(atan2(q, cos(a)+p))
brg = degrees(atan2(q, cos(a)*sin(b) - sin(a)*p)) % 360
```

इथे घोटाळे ठरलेले आहेत. अंशांचे रेडियन करायला विसरलो तर उत्तर कुठलंही येतं, ते निदान लगेच लक्षात तरी येतं. जास्त फसवतो तो एक्सेलवाला. दोन आकड्यांवरून कोन काढून देणाऱ्या `atan2` ला पायथनमध्ये आधी बाजूचा आकडा द्यायचा, मग उत्तरेचा. एक्सेल आणि गुगल शीट्समध्ये `ATAN2` चा क्रम उलटा आहे. पायथनमधलं सूत्र जसंच्या तसं शीटमध्ये उतरवलं की ३३३ ऐवजी ११७ येतं. आकडा दिसायला ठीकठाक असतो, पण ती आग्नेय दिशा, बंगालच्या उपसागराकडची. म्हणून कुठलंही बेअरिंग वापरण्याआधी आठ दिशांतली एक दिशा तोंडाने म्हणून बघावी. ‘न्यूयॉर्क आग्नेयेला’ असं म्हणताना जीभ अडखळतेच.

[दृश्य: गोलावरची वाट, तिच्यावर सरकणारा बाण, शेजारी बदलणारा आकडा.]

३३३ हा फक्त निघतानाचा आकडा. बोथनियाच्या आखातावर तीच वाट २९४ अंशांवर आलेली असते. आइसलंडच्या अलीकडे, ६४.७ अक्षांशावर, ती क्षणभर बरोबर पश्चिमेला म्हणजे २७० वर असते, आणि न्यूयॉर्कला पोचताना २१४ वर, नैर्ऋत्येकडे. आपण वळलेलो नसतो. उत्तर कोणती, हेच जागोजागी बदलत जातं. त्यामुळे परतीची दिशाही ३३३ मधून १८० वजा करून मिळत नाही. न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघताना ती ३४ असते, १५३ नव्हे.

एकच दिशा शेवटपर्यंत धरायची असेल तर मर्केटरच्या नकाशावर सरळ रेघ मारावी. १५६९ मध्ये त्याने हा नकाशा खलाशांच्या याच सोयीसाठी केला. मुंबईहून न्यूयॉर्कसाठी ती दिशा २८० च्या आसपास येते, आणि वाट १४,२०० किलोमीटरची होते. सोयीची किंमत साडेसोळाशे किलोमीटरच्या वर.

[दृश्य: होकायंत्राची सुई.]

आपण काढलेली दिशा खऱ्या उत्तरेपासून आहे. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, आणि दोन्हींतल्या फरकाला दिक्पात म्हणतात. मुंबईत तो शून्याच्या जवळ आहे, तेव्हा इथे सुई जवळपास खरं बोलते. न्यूयॉर्कला तो साधारण १३ अंश पश्चिम, म्हणून तिथून निघताना खरी दिशा ३४ असली तरी होकायंत्रावर ४७ दिसायला हवं. पश्चिम दिक्पात मिळवायचा, पूर्व वजा करायचा. आणि हा आकडा वर्षागणिक सरकतो, म्हणून तो सतत मोजावा लागतो. मुंबईत हे काम कुलाब्याच्या वेधशाळेत चालायचं. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा विजेच्या प्रवाहाने मोजमापं बिघडतील, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. ती आजही तिथे आहे.

[दृश्य: पुन्हा पारदर्शक पृथ्वीगोल, दोन बाण.]

पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. त्यामुळे दिशेत एका अंशाहूनही कमी फरक पडतो आणि मध्यबिंदू थोडे किलोमीटर हलतो. जमिनीची मोजणी करायची नसेल तर हे चालून जातं.

एका ठिकाणी मात्र ही रीत पूर्ण कोसळते. मुंबईतून पृथ्वीच्या आरपार खिळा ठोकला तर तो पॅसिफिक महासागरात निघतो, १९.०९ दक्षिण, १०७.१३ पश्चिम. तिथे जायला मुंबईहून कुठल्याही दिशेला निघा, अंतर सारखंच. मधली जागाही एक नाही, अख्खं वर्तुळ आहे. दोन बाण एकमेकांना पुरते खोडतात आणि बेरीज शून्य येते. संगणक तरीही गप्प बसत नाही. पूर्णांकनातून उरलेल्या कचऱ्यावरून तो एखादा अक्षांश-रेखांश काढून देतो, चार दशांश स्थळांपर्यंत. न्यूयॉर्कच्या बाबतीत बेरजेच्या बाणाची लांबी १.१ होती. ती शून्याला टेकायला लागली, तर पुढचं गणित तिथेच थांबवायचं.