बाळाचं वजन आणि घरी जाणारी चिठ्ठी

बाळाला तपासल्यावर वजनाबद्दलची चिठ्ठी आपण आईच्या हातात देतो खरी, पण घरी गेल्यावर ती मोठ्याने वाचली जाते, आजी ऐकते, आत्या फोनवर विचारते, आणि त्यात "आईचं दूध पुरत नाही" एवढं एक वाक्य असलं की बाकीचं कुणी ऐकतच नाही, संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा घरात आलेला असतो. म्हणून मी एक नियम धरलाय, वजनाबद्दल लिहिताना वाक्य बाळापासून सुरू करायचं, आईपासून नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलगी, जन्माचं वजन 2.9 किलो. पहिल्या दिवसांत घटलं आणि चौदाव्या दिवशी परत 2.9 झालं, इथपर्यंत सगळं ठीक. मग सहाव्या आठवड्यात 3.3. म्हणजे 28 दिवसांत 400 ग्रॅम, रोजचे साधारण 14. या वयात 25-30 तरी अपेक्षित असतात. तर हा आकडा लपवायचा नाही हं, गोड बोलून गुंडाळलं तर आई-बाबांना कळतच नाही की काही करायचंय.

मी लिहिलं ते असं: "बाळ सध्या रोज 14 ग्रॅमने वाढतंय, तिला 25 च्या पुढे न्यायचंय. ती हसते, नजर लावते, शू सहा-सात वेळा होते, हे चांगलं आहे. आज दूध पिताना बघितलं तेव्हा तिच्या तोंडात फक्त निप्पल येत होतं, त्यामुळे बराच वेळ ओढूनही पोटात कमी जात होतं."

आता बघा, इथे कारण आलं, दोष नाही आला. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलायचं आईला कुणीतरी सांगितलं होतं, ती ते इमानदारीने करत होती. मग "तुम्ही चुकीचं पाजताय" कशाला? "एक बाजू तिने स्वतः सोडेपर्यंत पाजा, मग दुसरी. रात्री झोपली असली तरी तीन तासांनी उठवा." बस.

घुटी आजी देत होती, प्रेमाने. तिथे लिहिलं, "पोट एवढंसं आहे, सहा महिने ती जागा दुधालाच राहू दे." आजीला ते पटलं.

आणि दोन गोष्टी सुटता कामा नयेत. एक, परत कधी यायचं, सात दिवसांनी, त्याच काट्यावर, कपडे काढून. दुसरी, शू कमी झाली, ताप आला, किंवा बाळ प्यायला उठतच नसेल तर त्याच दिवशी या, तारखेची वाट बघू नका. आणि महत्त्वाचं, बाळाची स्तनावरची पकड सुधारूनही वजन हललं नाही तर लघवीचा संसर्ग, हृदय, जीभ चिकटलेली असणं हे आपण शोधायचं, पाजण्यावर अडून बसायचं नाही.

सात दिवसांनी ती 3.5 भरली. काट्यावर ठेवताना झबलं आजीनेच काढलं.