शेवटच्या पात्याची कड: अतितप्त वाफ आणि पुनर्तापन

पडद्यावर दिसते आहे ते वाफेच्या टर्बाइनमधील शेवटच्या रांगेचे एक पाते. टोकाजवळची त्याची पुढची कड नीट पाहा. एके काळी गुळगुळीत असलेली ही कड आता करवतीसारखी दातेरी झाली आहे, आणि ती पाण्याच्या थेंबांनी झिजवली आहे.

टर्बाइनमध्ये वाफ प्रसरण पावताना थंड होते आणि तिचा काही भाग पाण्यात बदलतो. हे सूक्ष्म थेंब स्थिर पात्यांवर साचतात, त्यांचा पातळ थर होतो, आणि त्या थरापासून सुटणारे मोठे थेंब वाफेइतक्या वेगाने धावू शकत नाहीत. मागे रेंगाळलेल्या अशा थेंबांवर सेकंदाला कित्येकशे मीटर वेगाने फिरणारे पाते येऊन आदळते. कडेवर स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी बसवली तरी झीज लांबते, थांबत नाही. शिवाय थेंब पात्यांना ढकलत नाहीत, उलट अडवतात. कार्ल बाउमान यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा सांगतो की आर्द्रता एक टक्क्याने वाढली की त्या टप्प्याची कार्यक्षमताही साधारण एक टक्क्याने घटते. म्हणूनच बाहेर पडणाऱ्या वाफेतील पाण्याचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत.

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. बॉयलरचा दाब १५० बार, कंडेन्सरचा दाब ०.१ बार, आणि घर्षणाचा तोटा नसलेले आदर्श टर्बाइन. बॉयलरच्या दाबाला पाणी ३४२ अंश सेल्सिअसला उकळते. त्यातून निघणारी, उकळबिंदूवरचीच संपृक्त वाफ थेट टर्बाइनमध्ये सोडली, तर कार्यक्षमता ३८ टक्के येते. पण बाहेर पडणाऱ्या वाफेत वजनाने ३८ टक्के पाणी असते. असे टर्बाइन चालवता येणार नाही.

म्हणून वाफ पाण्यापासून वेगळी झाल्यावर तिला सुपरहीटरच्या नळ्यांतून नेऊन, दाब तोच ठेवून, ५५० अंशांपर्यंत तापवतात; हीच अतितप्त वाफ. कार्यक्षमता ४२ टक्क्यांवर जाते. याचे कारण साधे आहे: कंडेन्सरमधून उष्णता ४६ अंशांनाच बाहेर जाते, पण ती आत घेण्याचे सरासरी तापमान मात्र २४२ अंशांवरून २७९ अंशांवर चढते, आणि या दोन तापमानांतील अंतर जितके मोठे, तितका उष्णतेचा मोठा वाटा कामात उतरतो. तरीही शेवटी २२ टक्के पाणी उरतेच. तापमान आणखी वाढवावे, तर नळ्यांचे पोलाद आड येते. लाल तापलेला धातू दाबाखाली हळूहळू ताणला जातो आणि अखेर फुटतो.

येथे पुनर्तापन उपयोगी पडते. उच्चदाब टर्बाइनमध्ये वाफ ३० बारपर्यंतच प्रसरण पावू देतात. तेव्हा ती २९६ अंशांवर आणि अजून कोरडी असते. तिला पुन्हा बॉयलरकडे नेऊन, रीहीटरमध्ये ५५० अंशांपर्यंत तापवून मग पुढच्या टर्बाइनमध्ये सोडतात. पोलादाची तापमानाची मर्यादा कुठेही ओलांडलेली नसते, आणि तरीही शेवटचे पाणी २२ वरून १० टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात ते याहूनही कमी भरते, कारण घर्षणात वाया गेलेली ऊर्जा वाफेतच उष्णता बनून राहते. अर्थात तो कोरडेपणा कामाच्या मोबदल्यात मिळालेला असतो.

पुनर्तापनाने कार्यक्षमता ४४ टक्के होते. अनेकांची समजूत असते की दुसऱ्यांदा तापवल्यावर काम जास्त मिळते म्हणून कार्यक्षमता वाढते, पण जादा कामासाठी जादा उष्णताही द्यावीच लागते. खरा फायदा असा, की ही जादा उष्णता सरासरी ४१२ अंशांना दिली जाते, म्हणजे मूळ चक्राच्या २७९ अंशांपेक्षा बरीच वर. हे अंतर राहिले नाही, तर फायदाही राहत नाही. हेच पुनर्तापन ३ बारला केले, तर सरासरी तापमान सुमारे २७३ अंशांवर घसरते. शेवटची वाफ पूर्ण कोरडी, उलट गरजेपेक्षा गरम निघते, पण कार्यक्षमता पुनर्तापन न करता मिळाली असती तिच्याहून किंचित खालीच येते. म्हणून पुनर्तापनाचा दाब बॉयलरच्या दाबाच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याजवळ ठेवण्याची पद्धत आहे.

चालू संचात शेवटच्या वाफेची आर्द्रता तापमापकाने कळत नाही, कारण ०.१ बारला वाफ पाच टक्के ओली असो की पंधरा टक्के, काटा ४६ अंशांवरच उभा राहतो. त्यामुळे नियंत्रण कक्षात रीहीटरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. आपल्या उदाहरणात ते ५५० वरून ५०० अंशांवर उतरले, तर आर्द्रता १० वरून १२ टक्क्यांवर जाते, आणि कंडेन्सरकडच्या कोणत्याही काट्यावर त्याची खूण उमटत नाही.