चाळीस लिटर ग्रेव्ही, दोन तास आणि बर्फ

नमस्कार श्रोतेहो. इंदूरमधल्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या आचाऱ्यांसाठी, मदतनिसांसाठी आणि मालकांसाठी आजचं हे बोलणं आहे. विषय एकच. रात्री भट्टीवरून उतरवलेला ग्रेव्हीचा मोठा टोप लवकर थंड कसा करायचा?

समजा, मे महिन्यातली रात्र आहे, साडेदहा वाजलेत. उद्यासाठी कांदा-काजूची पिवळी ग्रेव्ही तयार झाली आहे, चाळीस लिटर. टोप जाड बुडाचा आणि खोल. बहुतेक ठिकाणी यापुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. टोप खाली उतरवून कोपऱ्यात ठेवतात, वर थाळी झाकतात आणि सकाळी येणारा माणूस तो फ्रिजमध्ये सारतो. माळव्याची रात्र थंड असते असं आपण मोठ्या प्रेमाने सांगतो, पण बंद मुदपाकखान्यात मे महिन्यात ती थंड नसते. सकाळी त्या ग्रेव्हीच्या मधोमध बोट घातलंत तर ती अजून कोमट लागते. सगळा धोका त्या कोमटपणात आहे.

मसाल्यातून आणि मांसातून ग्रेव्हीत काही जिवाणूंचे बीजाणू येतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यातला प्रमुख. हे बीजाणू उकळीत मरत नाहीत. उलट उकळीने ग्रेव्हीतली हवा निघून जाते आणि या जिवाणूला हवा नकोच असते. ग्रेव्ही ४५ अंशांच्या आसपास आली की तो जागा होतो आणि अनुकूल अन्न मिळालं तर दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. एका तासात एकाचे चौसष्ट, दोन तासांत चार हजारांवर. वास बदलत नाही, चव बदलत नाही. खाणाऱ्याच्या पोटात कळ येते ती आठ तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे तो तुमच्या टोपाकडे बोटही दाखवत नाही. टोमॅटोच्या आंबट मखनीपेक्षा काजू-मगजाची पांढरी, कांद्याची पिवळी आणि मटणाचा रस्सा याबाबतीत जास्त नाजूक असतात.

म्हणून जगभर एक हिशेब धरला जातो. साधारण ६० अंशांखाली उतरल्यापासून दोन तासांत ग्रेव्ही २१ अंशांवर यायला हवी आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांवर. पहिले दोन तास कडक पाळायचे, कारण जिवाणूचा आवडता टप्पा त्यातच येतो.

आता टोप एवढा वेळ गरम का राहतो ते पाहू. पातळ रस्सा स्वतःच्या आत फिरतो. कडेचा थंड भाग खाली बसतो, मधला गरम वर येतो. दाट ग्रेव्ही अशी फिरत नाही. तिच्यातली उष्णता थराथरातून रांगत बाहेर येते आणि थराची जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतो. टोप स्टीलचा की ॲल्युमिनियमचा यावर मुदपाकखान्यात वाद रंगतात, पण भांड्याचा पत्रा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. अडवते ती आतली दीड वीत जाड ग्रेव्ही. त्यामुळे खरे उपाय दोन आहेत: थर पातळ करा आणि ढवळत राहा.

बर्फाचा सर्वात स्वस्त उपयोग मात्र ग्रेव्ही शिजतानाच होतो आणि तो फार थोडे लोक करतात. चाळीस लिटर ग्रेव्हीत शेवटी जे पाणी घालता, त्यातलं आठ लिटर घालूच नका. ग्रेव्ही घट्ट ठेवा, बत्तीस लिटर. गॅस बंद केल्यावर पिण्याच्या पाण्याचा स्वच्छ बर्फ, तुमच्या स्वतःच्या आइस मशीनचा, आठ किलो तोलून तिच्यात टाका आणि ढवळा. ९० अंशांची ग्रेव्ही काही मिनिटांत ५२-५३ अंशांवर येते. बर्फ वितळताना प्रत्येक किलोमागे जेवढी उष्णता ओढतो, तेवढी नुसतं गार पाणी कधीच ओढू शकत नाही. बर्फाचं पाणी होतं आणि तुमची चाळीस लिटर ग्रेव्ही मापात बसते. बाजारातली बर्फाची सिल्ली इथे अजिबात चालणार नाही. ती पिण्याच्या पाण्याची असेलच याची खात्री नसते आणि ती पोत्यात, भुशात, टेम्पोच्या फळीवर लोळत आलेली असते. सिल्लीची जागा टोपाच्या बाहेर. आणि ग्रेव्ही ५२ वर आली की घड्याळ सुरू झालेलं असतं, तेव्हा मध्ये चहा प्यायला जाऊ नका.

पुढचा टप्पा बर्फाच्या स्नानाचा. ग्रेव्ही वीस-वीस लिटरच्या दोन रुंद टोपांत वाटा. धुण्याचं मोठं सिंक आधी घासून घ्या, तळाशी लोखंडी जाळी किंवा तिवई ठेवा, म्हणजे टोपाच्या बुडाखालूनही पाणी फिरेल. नुसता बर्फ रचू नका. बर्फाचे तुकडे टोपाला चार ठिकाणी टेकतात आणि मध्ये हवा राहते. निम्मा बर्फ, निम्मं पाणी असं मिश्रण केलं तर टोपाच्या सगळ्या अंगाला शून्य अंशांचं पाणी लागतं. पाण्याची उंची आतल्या ग्रेव्हीएवढी ठेवा. कमी ठेवलीत तर वरचा भाग गरमच राहतो, जास्त ठेवलीत तर टोप तरंगतो किंवा सिंकचं पाणी आत शिरतं. मीठ टाकायची गरज नाही, त्याने फक्त सिंक आणि जाळी गंजते.

बर्फ किती लागेल? चाळीस किलो ग्रेव्ही ५२ वरून २० अंशांवर आणायला साधारण चौदा किलो बर्फ वितळतो. सिंक आणि हवेची उष्णता धरून वीस किलो हाताशी ठेवा. आत बर्फ न घालता ९० वरून सरळ २० वर यायचं असेल तर तीस किलो वितळेल आणि नुकसान धरून चाळीस लागेल. काही जण आधी नळाखाली टोप ठेवून पाणी सोडून देतात. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हातालाच गरम लागतं, त्याने ६० च्या खाली फारसं काही होत नाही. शिवाय जलूदहून नर्मदेचं जे पाणी पंपांनी चढवून इंदूरला आणलं आहे, ते असं नाल्यात सोडवत नाही. सिंकमधलं वितळलेलं पाणी फरशी धुवायला वापरा.

टोप पाण्यात ठेवला म्हणजे काम संपलं नाही. दर पाच मिनिटांनी लांब दांड्याचा स्वच्छ पलटा घेऊन टोपाचं बूड आणि कडा खरवडत ढवळा. दाट ग्रेव्ही थंड भिंतीला चिकटून घट्ट होते आणि तो थर आतल्या गरम ग्रेव्हीभोवती रजईसारखा बसतो. पलटा भिंतीवरून फिरताना जाड साय निघाल्यासारखी वाटली, तर तुम्ही उशीर केला आहे असं समजा. बाहेरचं पाणीही हलवा, कारण टोपालगतचं पाणी कोमट होऊन तिथेच उभं राहतं. पाण्यावर तरंगणारा बर्फ संपत आला की लगेच नवा टाका. वर तंग झाकण नको. वाफ जाऊ द्या, माशांसाठी जाळी किंवा स्वच्छ मलमल पुरे. नीट ढवळलं तर अर्ध्या ते पाऊण तासात ग्रेव्ही २० अंशांवर येते.

हे कळणार कशावरून? हात लावून नाही. टोपाला हात लावलात तर थंड कड लागते, मधला भाग ३५ अंशांवर असू शकतो. प्रोब थर्मामीटर ढवळण्याआधी मधोमध, निम्म्या खोलीवर धरा आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. थर्मामीटर खरं सांगतंय का हे बर्फ-पाण्याच्या पेल्यात बघा, शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात तपासायची सवय असेल तर लक्षात ठेवा, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांवर उकळतं. १०० दिसले नाहीत म्हणून थर्मामीटर फेकू नका.

आता ब्लास्ट चिलर. मशीन घेतलं म्हणजे टोप उचलून आत ठेवला, असं नसतं. जोराची थंड हवा उथळ ट्रेवरून वाहते म्हणून ते काम करतं. पाच ट्रेच्या मशीनवर बहुधा वीस किलोच्या आसपासची क्षमता लिहिलेली असते: ७० वरून ३ अंश, ९० मिनिटांत. म्हणजे आपली चाळीस किलो उकळती ग्रेव्ही एका वेळी त्यात घातली तर ते मशीन दमणारच. वाफेने आतल्या कॉइलवर दव आणि बर्फ साचतो, हवा अडते, आणि मशीन चालू दिसतं पण आकडा उतरत नाही. दोष कंपनीला जातो, चूक भरण्यात असते.

माझ्या मते मध्यम हॉटेलला सर्वात चांगली जोडी ही: आधी बर्फाच्या स्नानात २० अंश, मग मशीन. उष्णतेचा मोठा भाग स्वस्त बर्फाने काढलेला असतो, मशीनला उरलेले सतरा अंशच काढायचे असतात आणि चाळीस किलोलाही ते पुरतं. पूर्ण आकाराच्या ६५ मिलिमीटर खोल पाच ट्रे घ्या, प्रत्येकात आठ लिटर, म्हणजे थर पाच सेंटिमीटरच्या आसपास राहतो. ट्रे एकावर एक टेकवून ठेवू नका, हवेला वाट हवी. आत ठेवताना झाकणं नकोत. मशीनचा प्रोब सर्वात भरलेल्या ट्रेच्या मध्ये खोचा, कडेला नाही, नाहीतर मशीन लवकर 'झालं' म्हणतं. हार्ड मोडवर कडेला बर्फाचे खडे धरले तर काजूची ग्रेव्ही फाटल्यासारखी दिसते, तेव्हा शेवटी सॉफ्ट मोडवर या.

मशीन नसेल तर तेच ट्रे पाच सेंटिमीटर थराने फ्रिजमध्ये वेगवेगळ्या खणांत, मध्ये जागा सोडून ठेवा. ग्रेव्ही २० अंशांवर आलेली असेल तरच. गरम टोप फ्रिजमध्ये सारलात तर त्याचा कॉम्प्रेसर हरतो, कारण फ्रिज थंड माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला आहे. मग शेजारचं पनीर आणि दूधही तापतं.

आणि दोन तासांत २१ गाठता येणार नाही असं दीड तासाला दिसलं तर? उरलेल्या अर्ध्या तासाच्या आत टोप पुन्हा भट्टीवर चढवा, ढवळत खळखळून उकळी आणा आणि या वेळी ग्रेव्ही जास्त टोपांत वाटून, जास्त बर्फ घेऊन पुन्हा थंड करा. दोन तास उलटून गेले असतील तर ती ग्रेव्ही टाकून द्यावी लागते. काजूचा भाव मला ठाऊक आहे आणि तरीही मी हेच सांगेन. काही जिवाणूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

ट्रे ५ अंशांच्या खाली आला की झाकण लावा आणि टेपवर तारीख, उतरवल्याची वेळ व २१ अंशांची वेळ लिहा. तीन दिवसांत संपवा. सकाळी लागेल तेवढीच ग्रेव्ही काढून तिला पूर्ण उकळी आणा, उरलेला ट्रे लगेच आत. ओट्यावर ठेवलेल्या ट्रेतून दिवसभर पळीपळीने काढत बसलात, तर रात्रीचा सगळा बर्फ वाया गेला.