एका सीटीचे तीन कोअर

[दृश्य: ३३/११ केव्ही उपकेंद्राचं यार्ड. दहा एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या ११ केव्ही बाजूला रांगेत उभ्या तीन सीटी.]

निवेदन:
ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडणारा सगळा करंट या तीन सीटींमधून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमधून जातो. सीटी मोठा करंट ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला आणि रिलेला देते. बाहेरून पाहिलं तर प्रत्येक सीटी एकच वस्तू दिसते. आत मात्र लोखंडाचे तीन वेगळे गाभे आहेत, आणि प्रत्येक गाभ्यावर तांब्याच्या तारेचं स्वतंत्र वाइंडिंग आहे. यार्डातली माणसं त्यांना कोअर म्हणतात. पहिला मीटरसाठी, दुसरा ओव्हरकरंट रिलेसाठी, म्हणजे करंट हद्दीबाहेर गेला की ब्रेकर पाडणाऱ्या रिलेसाठी, तिसरा आरईएफसाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतला अर्थ फॉल्ट पकडणाऱ्या रिलेसाठी.

तिघांतून एकच प्रायमरी करंट जातो, मग तीन कोअर कशाला? कारण फॉल्टच्या क्षणी त्यांच्याकडून हवं असलेलं वागणं एकमेकांच्या उलट आहे. मीटरच्या कोअरनं लवकर हात टेकावेत, म्हणजे मीटरपर्यंत मोठा करंट पोचणार नाही. रिलेच्या कोअरनं अजिबात हात टेकू नयेत. सीटी निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

[दृश्य: ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट. टक्के इम्पिडन्सच्या ओळीवर कॅमेरा थांबतो.]

निवेदन:
आधी आपल्या ट्रान्सफॉर्मरचे आकडे घेऊ. दहा एमव्हीए आणि ११ केव्ही म्हणजे फुल लोड ५२५ अँपिअर. त्यासाठी सीटी घेतली ६०० ला १, म्हणजे प्रायमरीत ६०० अँपिअर असतील तर सेकंडरीत १. नेमप्लेटवर इम्पिडन्स ८.३५ टक्के आहे. मागच्या ३३ केव्हीच्या जाळ्याचा अडथळा शून्य धरला, तर ११ केव्ही बसवरच्या फॉल्टला जास्तीत जास्त ६,३०० अँपिअर वाहतील. सीटीच्या ६०० अँपिअरच्या ते साडेदहा पट झाले. हा साडेदहाचा आकडा ध्यानात असू द्या, पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे.

[दृश्य: सीटीपासून केबल ट्रेंचमधून कंट्रोल रूमकडे जाणारी केबल. कॅमेरा ट्रेंचच्या कडेनं सरकतो.]

निवेदन:
आता बर्डन. सीटीच्या सेकंडरीला ज्या ज्या गोष्टींतून करंट ढकलावा लागतो, त्यांचं एकूण ओझं म्हणजे बर्डन. ते व्हीएमध्ये मोजतात. मीटर आणि रिले यांचं ओझं सगळ्यांच्या लक्षात राहतं, केबलचं राहत नाही.

इथे सीटीपासून पॅनेलपर्यंत ८० मीटर अंतर आहे. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी १६० मीटर. केबल अडीच स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, तिचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. गुणाकार केला की सुमारे १.२ ओहम येतात. केबल तापली की थोडे आणखी.

सीटी ६०० ला ५ घेतली असती तर? पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले १.२, म्हणजे एकट्या केबलचं ओझं ३० व्हीए. मीटर आणि रिले त्यानंतर. सीटी ६०० ला १ असेल तर हेच ओझं १.२ व्हीए. केबल तीच, अंतर तेच. मोठ्या यार्डात एक अँपिअरची सीटी का घेतात, ते या एका गुणाकारात दिसतं. जिथे मीटर सीटीच्या शेजारी त्याच पॅनेलमध्ये असतो, तिथे पाच अँपिअरनंही भागतं.

[दृश्य: आधुनिक रिलेचं मागचं टर्मिनल. शेजारी टेबलावर जुना, चकती फिरणारा रिले.]

निवेदन:
जुन्या, चकती फिरणाऱ्या रिलेला स्वतःचेच काही व्हीए लागायचे. आजच्या न्यूमेरिकल रिलेचं आणि इलेक्ट्रॉनिक मीटरचं ओझं एक अँपिअरवर ०.१ व्हीएच्या आसपास असतं. तरी खरेदीच्या कागदावर तिन्ही कोअरपुढे १५ व्हीए लिहिण्याची जुनी सवय टिकून आहे. जास्त असलेलं बरं, असा त्यामागचा विचार. रिलेच्या कोअरला तो लागू पडतो. मीटरच्या कोअरला तोच बाधतो.

[दृश्य: आकृती. पडद्यावर कोअर, त्यात चढत जाणारं फ्लक्स, मग सेकंडरी करंटची लहर मधेच तुटते.]

निवेदन:
बाधतो कसा, ते पाहायला कोअरच्या आत शिरू. सेकंडरीतून करंट ढकलायला कोअरला व्होल्टेज तयार करावं लागतं. करंट गुणिले एकूण रोध, इतकं. त्या रोधात बाहेरचं बर्डन आलं आणि सीटीच्या स्वतःच्या वाइंडिंगचा रोधही आला. जितकं व्होल्टेज जास्त, तितकं लोखंडात फ्लक्स जास्त. एका हद्दीनंतर लोखंड भिजून तट्ट झालेल्या कापडासारखं होतं, आणखी काही घेत नाही. हे सॅच्युरेशन. मग प्रायमरी करंट मॅग्नेटायझेशनमध्येच खर्ची पडतो आणि सेकंडरीची लहर प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये मधेच कोसळते.

मीटरचा कोअर घेतला १५ व्हीएचा, सिक्युरिटी फॅक्टर ५ चा. म्हणजे पूर्ण बर्डन जोडलेलं असेल, तर पाच पट करंटपर्यंत तो सॅच्युरेट होईल आणि मीटर वाचेल. वाइंडिंगचा रोध २ ओहम धरू. एक अँपिअरवर १५ व्हीए म्हणजे १५ ओहम बाहेरचे, २ आतले, गुणिले ५. कोअर ८५ व्होल्टपर्यंत टिकणार. पण खरं बर्डन, केबलचे १.२ आणि मीटरचा ०.१ मिळून, फक्त १.३ ओहम आहे. आतले २ मिळवून ३.३. ८५ भागिले ३.३, उत्तर जवळजवळ २६. कागदावरचा पाचाचा फॅक्टर प्रत्यक्षात सव्वीस झाला! आपला फॉल्ट साडेदहा पटीचा. तो सगळाच्या सगळा मीटरमधून जाणार.

दुसरं नुकसान अचूकतेचं. मीटरच्या कोअरच्या क्लासची, म्हणजे ठरलेल्या अचूकतेची, हमी रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांच्या टप्प्यात असते. १५ व्हीएचे २५ टक्के म्हणजे पावणेचार व्हीए. आपण तिथपर्यंत पोचतच नाही. क्लास नेमप्लेटवर छापलेला आहे, पण या जोडणीत त्याची हमी उरलेली नाही.

तेच २.५ व्हीए मागितलं, तर हमीचा टप्पा ०.६ व्हीएपासून सुरू होतो आणि आपले १.३ व्हीए त्यात नीट बसतात. सिक्युरिटी फॅक्टर येतो ७ च्या जरा खाली. मीटर सुरक्षित आणि हमीही शाबूत. वर कोअर लहान, म्हणून स्वस्त.

[दृश्य: मीटरचा पडदा. पहाटेची वेळ, करंट ३० अँपिअर.]

निवेदन:
क्लास कोणता घ्यायचा, हे लोड किती खाली उतरतो यावर ठरतं. पहाटे या ट्रान्सफॉर्मरवर ३० अँपिअर आहेत, म्हणजे सीटीच्या ५ टक्के. तिथे ०.५ क्लासला दीड टक्का चूक माफ आहे. ०.५एस क्लासला पाऊण टक्काच, आणि त्याची हमी थेट एक टक्का करंटपर्यंत पोचते. साध्या ०.५ क्लासला ५ टक्क्यांच्या खाली कसलंही बंधन नाही. जिथे मीटरवर बिल निघतं आणि लोड असा खालीवर होतो, तिथे एस क्लासच घ्यावा. यात काटकसर करू नये.

[दृश्य: रिले पॅनेल. ब्रेकरची ट्रिप टेस्ट चालू आहे.]

निवेदन:
आता ओव्हरकरंटचा कोअर. क्लास ५पी२०, १५ व्हीए. म्हणजे पूर्ण बर्डनवर वीस पट करंटपर्यंत एकूण चूक पाच टक्क्यांच्या आत. वाइंडिंगचा रोध ३ ओहम. वीस गुणिले अठरा, ३६० व्होल्ट. प्रत्यक्ष रोध ४.३ ओहम. भागाकार केला की येतात ८० च्या वर पटी. गरज साडेदहाची. ही ऐसपैस जागा इथे कामाची आहे, कारण फॉल्टच्या पहिल्या काही सायकलमध्ये करंटला डीसीचा भाग चिकटलेला असतो, आणि त्यानं फ्लक्स कितीतरी पट चढू शकतं. जी मोकळीक मीटरला धोक्याची होती, ती रिलेला हवीच आहे.

[दृश्य: न्यूट्रलची सीटी. मग पडद्यावर सूत्र: Vk ≥ 2 × If × (Rct + 2RL)]

निवेदन:
तिसरा कोअर पीएस क्लासचा. त्याच्या नेमप्लेटवर व्हीए नसतं. तिथे नी पॉइंट व्होल्टेज, म्हणजे कोअर जिथून सॅच्युरेट व्हायला लागतो ते व्होल्टेज, वाइंडिंगचा रोध आणि मॅग्नेटायझिंग करंट लिहिलेले असतात.

हाय इम्पिडन्स आरईएफमध्ये तीन फेजच्या सीटी आणि न्यूट्रलची सीटी समांतर जोडलेल्या असतात. फॉल्ट ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर असेल, तर बेरीज शून्य यायला हवी. पण त्या क्षणी एक सीटी पूर्ण सॅच्युरेट झाली तर? सगळ्यात वाईट धरून चालू, की ती सीटी आता नुसता रोध आहे आणि बाकीच्यांचा करंट तिच्यातून जातोय. साडेदहा अँपिअर गुणिले, ३ ओहम वाइंडिंगचे अधिक १.२ केबलचे. रिलेवर ४४ व्होल्ट येतील. इतक्यावर रिले हलता कामा नये, म्हणून सेटिंग ४४ च्या खाली नेत नाहीत. आणि फॉल्ट खरोखर आत असेल, तेव्हा रिले झटकन उचलला जावा म्हणून सीटीला याच्या दुप्पट व्होल्टेज देता आलं पाहिजे. म्हणजे ८८. आपण नी पॉइंट १०० व्होल्ट मागतो, आणि न्यूट्रलच्या सीटीलाही तोच. चारही सीटी एकसारख्या नसतील, तर बाहेरच्या फॉल्टला हा रिले उगाच ट्रिप देऊ शकतो.

[दृश्य: सीटीचा टर्मिनल बॉक्स उघडा. टेस्टिंगची दोन माणसं, व्हेरिअॅक, मीटर.]

निवेदन:
हे सगळं कागदावर झालं. टर्मिनल बॉक्समध्ये मात्र सहा स्क्रू शेजारी शेजारी आहेत. १एस१, १एस२, २एस१, २एस२, ३एस१, ३एस२. वायरमनकडून जोड्यांची अदलाबदल झाली, तरी रोजच्या लोडवर काहीच कळत नाही. मीटर वाचत राहतो, रिलेवर करंटही बरोबर दिसतो. फॉल्ट आला की मीटरच्या कोअरला जोडलेल्या रिलेपर्यंत तुटलेली लहर पोचते. त्याला करंट कमी भासतो, तो उशीर करतो, आणि तोवर मागचा ३३ केव्हीचा ब्रेकर पडून सगळं उपकेंद्र अंधारात जातं. तिकडे रिलेच्या कोअरवर बसलेला मीटर कमी लोडला चुकीचं बिल काढत राहतो.

म्हणून चालू करण्याआधी नी पॉइंट टेस्ट. लाइन बंद आणि अर्थ केलेली, सेकंडरीच्या तारा सोडवलेल्या, प्रायमरी उघडी. चालू लाइनवर सेकंडरी कधीच उघडायची नाही, तिथे हजारो व्होल्ट उभे राहू शकतात.

[दृश्य: जवळून, मीटरचे आकडे.]

निवेदन:
पीएस कोअरवर व्होल्टेज हळूहळू चढवतात. १०० व्होल्टला १७ मिलिअँपिअर. ११० ला २०. १२१ ला ३०. व्होल्टेज दहा टक्के वाढलं आणि करंट पन्नास टक्के उसळला. नी पॉइंट ११० व्होल्ट, मागितलेल्या १०० च्या वर. मग व्होल्टेज सावकाश शून्यावर आणायचं. झटक्यात तोडलं, तर कोअरमध्ये चुंबकत्व उरतं.

आता जोडणी तपासू. मीटरच्या कोअरनं सुमारे २० व्होल्टलाच वाकायला हवं, ओव्हरकरंटच्या कोअरनं ३०० च्या आसपास. फरक एवढा मोठा आहे की जोड्या बदलल्या असतील, तर पहिल्या मिनिटात कळतं. आलेले आकडे सीटीच्या नंबरासह फाइलला लावून ठेवायचे. पुढे कधी नी पॉइंट खाली सरकलेला आणि मॅग्नेटायझिंग करंट अचानक वाढलेला दिसला, तर वाइंडिंगचे वेढे आतून शॉर्ट झाले असण्याची शंका घ्यायची आणि रेशो टेस्टनं खात्री करून ती सीटी बदलायची.