चुन्याची साय

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे पान-खर्रा खाणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते. रात्री तिचं झाकण नीट लागलं नाही, तर सकाळी चुन्यावर एक पांढरा, कडक पापुद्रा आलेला दिसतो. बोटाने दाबला की तो तडकतो, आणि खाली चुना अजून मऊच असतो. त्यात पाणी घालून कितीही घोटा, पापुद्र्याची कणी काही विरघळत नाही. कला-इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इटलीतल्या गिरिजाघरांची चित्रं पाहण्याआधी हा पापुद्रा एकदा बोटाने तोडून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. फ्रेस्कोतला, म्हणजे ओल्या चुन्याच्या भिंतीवर काढलेल्या चित्रातला रंग ज्याच्या आधाराने टिकतो, तो हाच.

आपल्या वणी-चंद्रपूर भागात चुनखडीच्या खाणी आहेत. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी टाकलं की ती फसफसते, तापते आणि फुटून चुना विरतो. हा विरवलेला चुना भिंतीवर उघडा पडला, की भट्टीत गमावलेला वायू हवेतून पुन्हा ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. डबीतला पापुद्रा म्हणजे दगड होऊ लागलेला चुना.

आता चित्रकार काय करतो ते पाहू. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तो नुसत्या पाण्यात घोटलेला रंग लावतो. त्यात डिंक नाही, सरस नाही, तेल नाही. गिलावा सुकताना आतलं पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि येताना थोडा विरघळलेला चुना सोबत आणतं. पाणी उडून जातं, चुना तिथेच थांबतो, हवेतला वायू घेतो आणि रंगाच्या कणांच्या मधल्या फटींत त्याचे बारीक स्फटिक बसतात. दुधावर साय धरावी तशी ही साय धरते, फक्त ती दगडाची असते आणि रंग तिच्यात अडकलेला असतो. खऱ्या फ्रेस्कोत, इटालियन लोक ज्याला बुओन फ्रेस्को म्हणतात त्यात, रंग धरून ठेवणारी वस्तू कुंचल्यात नसतेच. ती भिंतीतून येते.

मग अजिंठ्याचं काय? आपल्याकडे अजिंठ्याची चित्रं सर्रास फ्रेस्को म्हणून सांगितली जातात, परीक्षेत तसं लिहिलंही जातं, आणि याची मला फार खंत वाटते. ही चित्रं आपल्या घरची आहेत. सोळाव्या लेण्याचा शिलालेख वराहदेवाचा. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशीमचा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम आहे. तिथे बेसॉल्टचा खडबडीत कातळ तसाच ठेवून त्यावर मातीचा गिलावा दिलाय. मातीत धानाचा कोंडा आणि गवताचे तंतू मळलेले आहेत. आपल्या कुडाच्या भिंतीला माती लिंपताना तणस-भुसा मळतात तसेच, म्हणजे सुकताना भेगा पडू नयेत. त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो सुकल्यावर चिकट बंधकात कालवलेले रंग. म्हणजे रंग सुक्या पृष्ठभागावर डिकवलेला आहे. भिंतीतून वर येऊन त्याला कवेत घेणारा ओला चुना खाली नाहीच, खाली माती आहे. म्हणून तिथे नुकसान होतं तेव्हा रंगाचा पापुद्रा सुटतो, नाहीतर मातीसकट ढलपा पडतो. 1920 च्या सुमारास निझामाच्या राज्याने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा रंग धरून ठेवायला लाखेचं रोगण वापरलं आणि पुढे तेच रोगण पिवळं पडत गेलं. अजिंठ्याला फ्रेस्को म्हटलं नाही तर त्याची किंमत कमी होते, असं मुळीच नाही. सुक्या भिंतीमुळे त्या चित्रकारांना सावकाश थांबून, रंगावर रंग चढवून काम करता आलं. डोळ्यांच्या कडा आणि बोटांची वळणं तिथे जशी उतरली आहेत, त्यामागे हा अवसरही आहे.

हा फरक नुसता बोलून कळत नाही. म्हणून गावातल्या एका पडवीत विटांच्या भिंतीवर विद्यार्थ्यांसोबत आम्ही हातभर रुंदीचे तीन पट्टे केले. ते कसे केले ते सांगतो.

चुना आधीच विरवून मडक्यात पाण्याखाली ठेवला होता. त्याला महिनोन्महिने मुरू द्यावं लागतं. कळीचा एखादा खडा आत न विरलेला राहिला तर तो पुढे भिंतीत फुगतो आणि चित्राला खळगा पाडतो. मुरलेला चुना करणीवर लोण्यासारखा बसतो. रेती कन्हानची घेतली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली, कारण काळ्या मातीचा अंश राहिला तर गिलावा तडकतो. जुना सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. सिमेंटमधले क्षार पाण्यासोबत वर येतात, भिंतीला लोणा धरतो आणि चित्र आतून फुटतं.

विटा आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी भिजवल्या. पहिला थर एक भाग चुना आणि अडीच भाग जाड रेती असा, साधारण बोटभर जाडीचा, मुद्दाम खरबरीत. इटलीत याला आरिच्चो म्हणतात. तो काही दिवस बसू दिला. मग तो ओला करून त्यावर वरचा थर, म्हणजे इंतोनाको, चुना आणि बारीक चाळलेली रेती समसमान घेऊन चार-पाच मिलिमीटरचा. हा थर मात्र त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच जागेवर घालायचा. इटालियन चित्रकार जोत्तोने पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये 1305 च्या आसपास असंच एकेका दिवसाचं क्षेत्र धरून काम केलं. त्या दिवसभराच्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. पुढच्या दिवसाचा गिलावा आधीच्या कडेवर किंचित चढतो, म्हणून बाजूने तिरपा उजेड टाकला की सांधे दिसतात आणि कोणता तुकडा आधी झाला, कोणता नंतर, हेही वाचता येतं. भिंत फ्रेस्को आहे का, हे ओळखायला मी सगळ्यात आधी हे सांधे शोधतो. अजिंठ्यात ते सापडत नाहीत.

पहिला पट्टा फ्रेस्कोचा. वरचा थर घातल्यावर लगेच रंग लावला तर कुंचला चुना ओरबाडतो. बोट टेकवलं की खड्डा पडू नये, पण गारवा लागावा, तोवर थांबलो. हिवाळ्याची सकाळ होती, त्यामुळे पुढचे सहा-सात तास मिळाले. गेरू, पिवळी माती आणि कोळशाची पूड, तिन्ही पाण्यात घोटलेले. दुपारनंतर एक वेळ अशी आली की कुंचला टेकताच पाणी गडप होऊ लागलं आणि रंग वर खडूसारखा राहू लागला. तिथेच हात थांबवायचा. त्यानंतर लावलेल्या रंगाला साय धरत नाही.

एका विद्यार्थिनीने हळद लावून पाहिली. क्षणात ती लाल झाली. नवल नाही, आपल्याकडे हळदीला चुना लावूनच कुंकू करत आलेत. चुना हा कडक अल्क आहे आणि वनस्पतीचे बहुतेक रंग त्याच्यापुढे टिकत नाहीत. ॲझुराइट या खनिजाचा निळाही ओल्या चुन्यात भरवशाचा नसतो. म्हणून जोत्तोने त्या चॅपेलमध्ये कित्येक निळे भाग सुक्या भिंतीवर बंधक घालून रंगवले, आणि आज गेलाय तो बराचसा तोच निळा. एकाच भिंतीवर दोन तंत्रं असू शकतात, हे त्या झगळलेल्या अंगरख्यांनी मला शिकवलं.

दुसरा पट्टा सुक्या गिलाव्यावर, बाभळीच्या डिंकात कालवलेल्या रंगांचा. याला सेक्को म्हणतात. इथे घाई नव्हती. रंग दाट बसले, बारीक रेघ मनासारखी निघाली. तीच माती, तोच गेरू, पण फ्रेस्कोपेक्षा गडद दिसला.

तिसरा पट्टा चुन्याच्या रंगाचा, आपण पोळ्या-दिवाळीला घर रंगवतो त्या जातीचा. दुधासारखा पातळ चुना, त्यात रंगाची पूड, ओलसर केलेल्या जुन्या गिलाव्यावर दोन-तीन पातळ हात. इथेही रंग धरतो तो चुन्याचा दगड झाल्यामुळेच, पण तो चुना भिंतीतून येत नाही, कुंचल्यातून जातो. याचे दोन परिणाम होतात. चुना पांढरा, म्हणून प्रत्येक रंग फिका आणि अपारदर्शक होतो. आणि पूड चुन्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शापलीकडे गेली की तिला धरायला चुना पुरत नाही. चुन्याच्या भिंतीला टेकल्यावर सदऱ्याला रंग लागतो, त्यामागे बहुधा हेच असतं, नाहीतर हात कडक उन्हात मारलेला असतो.

उन्हाचं मुद्दाम सांगतो. माझा पहिला फ्रेस्को मी मे महिन्यात केला होता. दोन तासांत भिंत कोरडी पडली आणि आठवडाभरात तळहाताने पुसला तर गेरू हातावर. चुन्याला हवेतला वायू घ्यायला ओल लागते. पाणी आधीच उडालं तर दगड होण्याचं काम अर्ध्यावर थांबतं. विदर्भात यासाठी दिवाळी ते माघ हाच काळ घ्यावा, वर ओलं तरटाचं आडोसं धरावं. फार ओलही वाईटच. मायकेलअँजेलोने 1508 मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलचं छत रंगवायला सुरू केलं, तेव्हा गिलाव्यात पाणी जास्त झाल्याने सुरुवातीच्या चित्रांवर बुरशी आली होती.

तंत्र ओळखताना विद्यार्थी लिंबाच्या रसाची परीक्षा सुचवतात. चित्रावर ती कधीच करायची नाही. गळून पडलेल्या खड्यावर केली तरी फेस आला म्हणून चुन्याचाच गिलावा असं धरू नये, कारण आपल्या काळ्या मातीतही चुनखडीचे खडे असतात.

तिन्ही पट्टे पडवीच्या वळचणीला होते, पावसाचे शिंतोडे उडत तिथे. पोळ्याच्या आधी जाऊन पाहिलं. डिंकाच्या पट्ट्यातला गेरू ओघळून खाली पायरीवर उतरला होता. चुन्याच्या रंगाचा पट्टा जागेवर होता, पण ओला फडका लावला तर फडक्यावर पिवळी छटा आली. फ्रेस्कोवर मी तोच फडका जोर लावून फिरवला. फडका ओला झाला, धूळ निघाली आणि गेरू सुकल्यावर होता त्याहून थोडा गडद दिसला, पहिल्या दिवशी ओल्या भिंतीवर दिसला होता तसा.