वर्गाच्या हकिकतीतून पाठटाचण
(नाशिक येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शिक्षक बंधूभगिनींनो,

आपल्यापैकी बरेच जण तास संपल्यावर वहीत किंवा गटावर त्या तासाची हकिकत लिहितात. ती वाचायला छान वाटते, पण दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला तिच्या आधारे तोच पाठ घेता येत नाही. म्हणून आज मी एकच हकिकत घेणार आहे आणि तिचे टाचण कसे होते, ते तुमच्यासमोर करून दाखवणार आहे. निफाड तालुक्यातील एका शिक्षिकेने पाचवीच्या गणिताच्या तासाविषयी लिहिले होते, ते असे :

“आज अपूर्णांकांची तुलना घेतली. १/२ मोठा की १/४, असे विचारले, तर बहुतेक मुले १/४ म्हणाली, कारण चार दोनापेक्षा मोठे. मग जोड्यांना कागद दिले. पट्ट्या कापेपर्यंतच पाण्याची घंटा झाली. नंतर घड्या घातल्या. एक मुलगी एकदम म्हणाली, ‘बाई, जेवढे जास्त भाग, तेवढा भाग बारीक!’ तेच फळ्यावर लिहिले. स्वाध्याय राहिला, पण तुलना सगळ्यांना समजली.”

टाचणात पहिला रकाना उद्दिष्टाचा असतो, म्हणून आपण साहजिकच तिथून सुरुवात करतो आणि ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना समजेल’ असे लिहून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, हा रकाना भरण्याआधी हकिकतीत मुलांनी प्रत्यक्ष काय केले, एवढीच वाक्ये वेगळी काढावीत. ‘सगळ्यांना समजली’ हे बाईंचे मत झाले. मुलांनी केलेल्या गोष्टी तीनच आहेत : चुकीचे उत्तर दिले, घड्या घातल्या, आणि एका मुलीने नियम सांगितला. बाईंना विचारले तेव्हा कळले की, घड्यांचे अपूर्णांक १/२, १/४ आणि १/८ एवढेच होते, म्हणजे प्रत्येकाचा अंश १. तेव्हा या तासाला पेलणारे उद्दिष्ट असे होते : ‘अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांतील मोठा कोणता, हे विद्यार्थी सांगतो आणि पट्टीची घडी दाखवून कारण देतो.’

हा काटेकोरपणा कोणाला किचकट वाटेल, पण त्याला कारण आहे. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ एवढेच डोक्यात घेऊन गेलेल्या मुलाला १/२ आणि ३/४ यांतील मोठा कोणता, असे विचारा. तो १/२ म्हणेल, आणि त्याच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. हा नियम अंश समान असतानाच चालतो. उद्दिष्टात ही अट लिहिली नाही, तर टाचण वापरणारा पुढचा शिक्षक स्वाध्यायात ३/४ घालील आणि मुले चुकली की पाठ फसला असे समजेल. पाठ फसलेला नसतो. ती तुलना पुढच्या तासाची असते.

साहित्याचा रकाना भरताना हकिकतीतील नामे गोळा केली की काम भागते, असा समज आहे. इथे नामे निघतात कागद आणि पट्ट्या. परंतु हकिकत लिहिणारा स्वतः वर्गात असल्यामुळे त्याला उघड वाटणारी गोष्ट तो लिहीत नाही, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. दोन पट्ट्यांची लांबी वेगळी असेल, तर एकीचा अर्धा भाग दुसरीच्या पाव भागाएवढाही दिसू शकतो आणि तुलनाच खोटी ठरते. म्हणून ‘कागदाच्या पट्ट्या’ असे न लिहिता ‘२४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, सर्व सारख्या’ असे लिहावे. २४ हा आकडा सोयीचा आहे, कारण त्याचे निम्मे १२, पाव ६ आणि आठवा भाग ३ सेंटिमीटर होतो, आणि घडी वाकडी पडली तर मोजपट्टीने लगेच ताडता येते. वर्गात ३२ मुले, म्हणजे १६ जोड्या. प्रत्येक जोडीला एक अखंड आणि तीन घड्यांसाठी तीन, अशा चार पट्ट्या धरल्या तर ६४ लागतात. ए-फोर कागदाच्या २१ सेंटिमीटर रुंदीत अशा सात पट्ट्या बसतात, तेव्हा दहा कागद पुरतात. पटसंख्या वेगळी असेल तिथे हा हिशेब बदलता यावा, म्हणून साचात ‘प्रत्येक जोडीला चार’ हे प्रमाण आधी आणि एकूण संख्या नंतर लिहावी.

आता वेळ. हकिकतीत मिनिटे नसतात, पण खुणा असतात. तास अकराला सुरू झाला, पाण्याची घंटा अकरा वीसला होते आणि तास अकरा चाळीसला संपतो. पट्ट्या कापेपर्यंत पाण्याची घंटा झाली, म्हणजे पहिला प्रश्न आणि कापाकापी मिळून वीस मिनिटे गेली. प्रश्नोत्तरांना साधारण पाच मिनिटे लागली, असे बाईंनी सांगितले. उरलेली पंधरा कात्रीने खाल्ली. स्वाध्याय का राहिला, याचे उत्तर इथे मिळते. घड्या आणि चर्चा यांत राहिलेली वीस मिनिटे गेली, आणि ती कमी करण्याजोगी नाहीत. म्हणून कापण्याचे काम ‘पूर्वतयारी’त टाकायचे आणि सुटलेली पंधरा मिनिटे वहीतल्या उदाहरणांना दहा व शेवटच्या चिठ्ठीला पाच अशी द्यायची. चिठ्ठीवर एकच प्रश्न : १/६ मोठा की १/८, आणि का? सहा भागांची घडी मुलांनी घातलेलीच नाही, म्हणून पाठ केलेल्या उत्तरावर इथे निभावत नाही.

कृतीच्या रकान्यात सर्वांत मोठी गफलत होते ती त्या मुलीच्या वाक्याची. ते वाक्य हकिकतीचा जीव आहे, त्यामुळे टाचण करणारा ते उचलून ‘शिक्षक सांगतात : जेवढे जास्त भाग, तेवढा भाग लहान’ असे लिहितो. तिथे मुलांना स्वतः शोधण्यासारखे काही उरत नाही. पट्ट्या घड्या घालून ठेवायची शोभेची वस्तू होते. ते वाक्य ‘अपेक्षित प्रतिसाद’ या रकान्यात जावे, आणि शिक्षकाच्या रकान्यात ते वाक्य बाहेर काढणारा प्रश्न यावा : ‘घड्या वाढल्या तशी एका भागाची लांबी कशी बदलली? पट्टी तर तेवढीच आहे.’ पुढच्या वर्गात असे बोलणारी मुलगी नसेलच, तर काय करायचे, हेही लिहावे लागते : चारही पट्ट्या एकाखाली एक, डावी कडा जुळवून ठेवायला सांगाव्यात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारावा. हकिकतीत घडलेला योगायोग टाचणात गृहीत धरता येत नाही.

काही जागा हकिकतीतून भरत नाहीत. पहिल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणारी मुले किती होती आणि घड्या चालू असताना त्यांना काय दिले, हे बाईंनी लिहिलेले नव्हते. तिथे आपल्या मनाने काही सुचवून रकाना पूर्ण दाखवण्यापेक्षा तो मोकळा ठेवून ‘शिक्षिकेला विचारावे’ अशी खूण करावी. पर्यवेक्षकांना भरलेला कागद आवडतो, हे मला माहीत आहे, तरीही.

आपल्या जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळांत मात्र हीच मिनिटे जशीच्या तशी चालणार नाहीत, कारण चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात. तिथे वीस मिनिटांची घड्या-चर्चा शिक्षकासमोरच व्हायला हवी, आणि तेवढा वेळ चौथीला लेखनकाम द्यावे लागेल. पाचवीची वहीतली दहा मिनिटे मात्र शिक्षकाविना निभावतात, तेव्हा ती चौथीसाठी वापरता येतात. साचात वेळेच्या शेजारी ‘शिक्षक आवश्यक / मुले स्वतंत्र’ असा आणखी एक बारीक रकाना जोडला, की हे टाचण त्या शाळेतही चालेल.