सहल बिघडवली ती पावसानं: एका घटकावर बोट ठेवणारी वाक्यं

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्या घरांमधून मुलं दिवसभर इंग्रजी बोलतात आणि आपण त्यांच्याशी मराठी. या ये-जा करण्यात एक वाक्यरचना हमखास अडते, आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे. इंग्रजीत ‘द रेन रुइन्ड द ट्रिप’ असं सरळ वाक्य होतं. तेच ‘इट वॉज द रेन दॅट रुइन्ड द ट्रिप’ असंही म्हणता येतं. माहिती तीच, पण एका वाक्याचे दोन तुकडे झाले: पहिल्यात पाऊस एकटा उभा, दुसऱ्यात बाकी सगळं. अशा वाक्याला क्लेफ्ट म्हणतात. हे नाव ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं रूढ केलं.

दोन तुकड्यांचं काम वेगळं असतं. ‘दॅट’नंतरचा भाग ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असं बोलणारा धरून चालतो. सहल बिघडली हे ठरलेलं, कशानं एवढंच सांगायचं बाकी. नकार देऊन पाहा म्हणजे हे लगेच कळतं. ‘इट वॉजन्ट द रेन दॅट रुइन्ड द ट्रिप’ म्हटलं तरी सहल बिघडलेलीच राहते, फक्त पाऊस निर्दोष ठरतो. प्रश्न केला तरी तेच. म्हणूनच ‘कागद हरवले ते खजिनदारांनीच का?’ असा प्रश्न सभेत आला, तर ‘नाही’ म्हणणाराही कागद हरवल्याचं मान्य करून बसतो. कागद हरवलेच नसतील तर आधी तेच सांगायला हवं. नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटका नाही.

आता मराठीकडे. या रचनेला आपल्याकडे जोड नाही, असं पुष्कळांना वाटतं आणि मग ‘तो पाऊस होता ज्यानं सहल बिघडवली’ असं काहीतरी तयार होतं. हे मराठी नाही. आपली स्वतःची रचना आहे आणि आपण ती रोज वापरतो: ‘सहल बिघडवली ती पावसानं.’ ठाऊक असलेला भाग आधी, मग तो, ती किंवा ते, आणि ज्यावर जोर द्यायचा तो घटक शेवटी. इंग्रजीत तो घटक पुढे येतो, आपल्याकडे मागे जातो. शब्दाला शब्द लावत गेलं की गाडी अडते ती इथेच.

मधलं सर्वनाम कसं निवडायचं? ते शेवटच्या शब्दाकडे पाहत नाही, क्रियापदाकडे पाहतं. ‘बिघडवली’ हे सहलीप्रमाणे स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती’. पाऊस पुल्लिंगी आहे म्हणून ‘बिघडवली तो पावसानं’ होत नाही. ‘उशीर झाला तो गाडीमुळे’, ‘घर बांधलं ते आजोबांनी’, ‘मी आले ती तुम्हाला भेटायला’. क्रियापद कशाशीच जुळत नसेल तर ‘ते’: ‘मुलाला वाचवलं ते शेजाऱ्यांनी’. इथे सर्वनाम चुकलं की वाक्य कानाला लगेच खटकतं. मुलांना ही रचना शिकवायची असेल तर सुरुवात इथूनच करावी.

एक वाक्य घेऊन सगळे घटक पुढे-मागे करून बघू. ‘मुलांनी रविवारी बागेत झाडं लावली.’ कोणी, यावर जोर हवा असेल तर ‘रविवारी बागेत झाडं लावली ती मुलांनी’. केव्हा, तर ‘मुलांनी बागेत झाडं लावली ती रविवारी’. कुठे, तर ‘मुलांनी रविवारी झाडं लावली ती बागेत’. तिन्ही ठिकाणी ‘ती’ तेच, कारण क्रियापद झाडांशी जुळलेलं आहे. पण काय लावलं, यावर जोर द्यायला गेलो की ‘मुलांनी रविवारी बागेत लावली ती झाडं’ असं होतं, आणि ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो: ती झाडं काय, वाळली? कारण आता हे ‘जी लावली ती झाडं’ असं वाटू लागतं. इथे ‘मुलांनी बागेत लावलं काय, तर झाडं’ असं म्हणावं, किंवा ‘झाडंच लावली’.

इंग्रजीतही असाच घोटाळा होतो. ‘इट वॉज अ बुक दॅट आय बॉट यस्टर्डे’ म्हणजे ‘मी काल घेतलं काय, तर पुस्तक’ की ‘ते मी काल घेतलेलं एक पुस्तक होतं’? दोन्ही होऊ शकतं, संदर्भ ठरवतो. वाक्य क्लेफ्ट असू शकतं का, हे तपासायला ‘इट वॉज’ आणि ‘दॅट’ काढून टाकायचं आणि उरलेले शब्द जुळवायचे. पूर्ण वाक्य उभं राहिलं तर शक्यता आहे. ‘द रेन रुइन्ड द ट्रिप’ उभं राहतं. ‘इट वॉज अ रेन दॅट नोबडी हॅड फोरकास्ट’मध्ये मात्र विषय पावसाच्या वर्णनाचा आहे, जोर देण्याचा नाही.

आता ‘च’. क्लेफ्ट दिसलं की ‘च’ लावायचा, हा सोपा उपाय बहुतेकदा चालतो: ‘पावसानंच सहल बिघडवली.’ पण काळाच्या शब्दांपाशी तो दगा देतो. ‘इट वॉज यस्टर्डे दॅट ही केम’ याचं ‘तो कालच आला’ केलं, तर ‘अगदी परवापरवापर्यंत नव्हता, आत्ता आलाय’ अशी छटा येते. मूळ वाक्यात ती नाही. तिथे वाद फक्त काल की परवा एवढाच आहे. म्हणून ‘तो आला तो काल’. संख्येपाशीही तेच: ‘दोनच आले’ म्हणजे कमी आले. आणि क्रियापदाला ‘च’ लागला की निश्चय येतो: ‘जाणारच’. थोडक्यात, ‘च’ला कामं फार, ‘तो-ती-ते’ला एकच.

उलट बाजूही पाहू. ‘सुद्धा’ या रचनेत बसत नाही. ‘पावसानंसुद्धा सहल बिघडवली’ ठीक, पण ‘सहल बिघडवली ती पावसानंसुद्धा’ विचित्र वाटतं. ही रचना एकाला निवडून बाकीच्यांना बाजूला सारते आणि ‘सुद्धा’ तर बाकीच्यांना आत घेतो. इंग्रजीत ‘ईव्हन’चं हेच होतं.

आपल्याकडून इंग्रजीत होणाऱ्या दोन चुका. पहिली, ‘इट वॉज द चिल्ड्रन हू वॉज लेट’. ‘इट वॉज’ एकवचनीच राहतं, मुलं अनेक असली तरी. पण ‘हू’नंतरचं क्रियापद मुलांशी जुळतं, म्हणून ‘वेअर लेट’. दुसरी चूक शब्दयोगी दोनदा लावण्याची: ‘इट वॉज टू हिम टू हूम आय गेव्ह द की’. एक ‘टू’ पुरे: ‘इट वॉज टू हिम दॅट आय गेव्ह द की’.

राहिलं क्रियापद. इंग्रजीत ‘इट वॉज’नंतर क्रियापद येत नाही, म्हणून ‘व्हॉट द चिल्ड्रन डिड वॉज प्लान्ट ट्रीज’ असा दुसरा सांगाडा घ्यावा लागतो. मराठीत त्याला ‘मुलांनी केलं काय, तर झाडं लावली’ हा जवळचा. मात्र सरळ माहिती देताना हा सांगाडा नको. कोणी ‘मुलांनी काय केलं?’ असं विचारलंच नसेल, तर ‘केलं काय, तर’ ऐकताच समोरचा आता तक्रार किंवा गंमत येणार, असं समजून कान टवकारतो.